सासूचा कंद

जुन्नरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या गोरख सरांना सगळे 'वेलींचे सर' म्हणत. हे नाव कुणी ठेवलं असं विचारलं की सर हसून विषय बदलत, कारण ते त्यांनी स्वतःच पसरवलं होतं. पण नाव खोटं नव्हतं. फॉरेस्ट गार्ड यायचे, नारायणगावचे एक वैद्य यायचे, द्राक्षबागेत कसलं तरी रान चढलं म्हणून बागायतदार यायचे. सगळ्यांच्या हातात फोटो. सर चष्मा कपाळावर सारून फोटो नाकाजवळ धरत, आणि समोरच्याने चहाचा दुसरा घोट घ्यायच्या आत नाव सांगून मोकळे होत.

त्यांची रीत सरळ होती. आधी बघायचं, वेलीला ताणे आहेत का, म्हणजे ते स्प्रिंगसारखे वळलेले बारीक दोरे. असले तर निघतात कुठून? पानाच्या बरोबर समोरून निघाले तर द्राक्षाचा गोतावळा. पानाच्या बगलेत एका अंगाला निघाले तर काकडी-दोडक्याचा. देठाच्या बुडातून जोडीने निघाले तर घोटवेल. पानाचं टोकच लांबून वळलं असेल तर कळलावी. ताणे नसतील तर खोडच आधाराला पिळा घालत चढतं. मग समोरून बघायचं, पिळा डावीकडे वर जातो की उजवीकडे. हे वळण त्या वेलीच्या रक्तातलं असतं. तुम्ही हाताने उलटं गुंडाळलं तरी नवा शेंडा पुन्हा आपल्याच बाजूला वळतो. आणि सगळ्यात शेवटी पान बघायचं, कारण पान फसवतं असं सर म्हणत. "पान खोटं बोलेल, वळण बोलणार नाही," हे त्यांचं वाक्य तीस पोरांच्या वह्यांत दरवर्षी उतरत असे.

सर मूळचे खोडदचे. तिथे आता दुर्बिणीच्या अजस्र ताटल्या उभ्या राहिल्या आहेत, पण सरांच्या लहानपणी तिथे नुसती बाजरी आणि गवत होतं. त्यांच्या डाव्या करंगळीवर विळ्याचा जुना वण होता. पहिल्या तासालाच ते हात वर करून तो वर्गाला दाखवत. विळा उजव्या हातात, गवताची मूठ डाव्या हातात, म्हणून कापली जाते ती डावी करंगळी. "ज्याच्या डाव्या करंगळीला वण नाही त्याने मला शेतीतलं काही सांगू नये." पोरं हसत. सरांना पोरांनी हसलेलं आवडत असे.

हा वण मी मुद्दाम सांगतोय. पुढे सगळं त्याच्याशीच येऊन थांबतं.

त्यांच्या प्रयोगशाळेत गोकुळ नावाचा मदतनीस होता. काचा धुणं, नमुने वाळवणं, प्रोजेक्टर लावणं ही त्याची कामं. तो डिंभ्याच्या वरच्या अंगाचा, घोड नदीच्या खोऱ्यातला. डोंगरातल्या भातशेतीवाल्यांचं घर. वडील भिमाजी लवकर गेले, आई सोनीबाई एकटी गावी राहत होती. धरणाची भिंत वर चढत होती आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी त्यांच्या वाडीला लागणार हे ठरलं होतं.

सरांनी ठरवलं, बुडायच्या आत त्या खोऱ्यातल्या वेलींची यादी करायची. ठरवलं, पण गेले नाहीत. एकदा डिंभ्यापर्यंत गेले, तर पुढची एसटी आलीच नाही. दुसऱ्यांदा पाऊस होता. तिसऱ्यांदा पेपर तपासायचे होते. शेवटी त्यांनी कॉलेजचा कॅमेरा गोकुळच्या गळ्यात अडकवला, कसं धरायचं ते शिकवलं आणि सांगितलं, "ताणा, वळण, पान. तिन्ही एका चित्रात आलं पाहिजे." गोकुळ श्रावणात सुट्टी काढून गेला आणि चार रोल भरून परत आला.

ते रोल स्लाइडचे होते. पुण्याहून धुऊन आले की फिल्मच्या चित्रांचे तुकडे कापायचे, प्लास्टिकच्या चौकटीत एकेक बसवायचा, आणि प्रोजेक्टरमधून भिंतीवर टाकायचा. चौकटीत बसवायचं काम सर दुसऱ्या कुणाला देत नसत. घरी जेवणाच्या टेबलावर पांढरा पंचा अंथरून त्यांनी एका बसकीत एकशे तीस स्लाइड बसवल्या. बायकोने दोनदा जेवायला हाक मारली ती ऐकूच आली नाही.

कॉलेजच्या मागच्या जागेत बारा खड्डे खणले होते. खोऱ्यातल्या बारा दुर्मीळ वेली मुळासकट आणून तिथे लावायच्या, एकच टेम्पो, एकच खेप. कोणत्या बारा, हे सर स्लाइड बघून ठरवणार होते. नऊ ठरल्या, दहा ठरल्या. मग एक दिवस गोकुळ टेबलाजवळ येऊन उभा राहिला.

"सर, त्यात एक आयेचा कंद हाय. सासूचा कंद म्हंत्यात आमच्यात. तेवढा घ्या, आसं म्हनती ती."

सरांनी विचारलं तसं त्याने सांगितलं. डोंगराच्या एका कपारीत ही वेल होती. सून घरात आली की पहिल्या हिवाळ्यात सासू तिला एकटीलाच तिथे घेऊन जायची आणि जागा दाखवायची. वेल वाळली की कंद खणायचा, पण वरचं डोकं, जिथून वेल फुटते तो मुठीएवढा तुकडा, कापून त्याच खड्ड्यात परत पुरायचा आणि वर खुणेचा दगड ठेवायचा. पुढच्या पावसात तीच वेल पुन्हा उगवायची. सोनीबाईच्या सासूने असंच केलं होतं, तिच्या सासूनेही. दुष्काळाच्या साली त्या कंदावर घर जगलं होतं.

"नुसता उकडला तरी ग्वाड लागतो," गोकुळ म्हणाला.

सरांनी ती स्लाइड शोधून प्रोजेक्टरमध्ये घातली. गोकुळने खिडक्या लावल्या. भिंतीवर मोठं, हिरवं चित्र आलं. एका करवंदीच्या फांदीवर चढलेली वेल, तिचं खालचं हातभर खोड, हृदयाच्या आकाराची पानं, एकाआड एक. कडेने एका म्हाताऱ्या बाईचा उजवा हात आत आला होता, वेल नीट दिसावी म्हणून फांदी बाजूला धरलेली. त्या हाताची करंगळी अर्धीच होती.

"ताणे नाहीत," सर म्हणाले. "खोड गुळगुळीत. पान हृदयाकृती, एकाआड एक. आणि वळण बघ. डावीकडे. गोकुळ, हा कडू करांदा आहे. सह्याद्रीत पावलापावलाला मिळतो."

"आये म्हनती, करांदा न्हाई. करांदा येका अंगाला वळतो, ही दुसऱ्या अंगाला चढती."

सर उठले, पट्टी घेतली आणि भिंतीवर पिळ्याच्या रेषेवरून फिरवली. एकदा, दोनदा, तीनदा. "तूच सांग. कुठल्या अंगाला चढली?"

गोकुळने मान वाकडी करून बघितलं. "डाव्या."

"आणि करांदा कुठल्या अंगाला चढतो?"

"डाव्याच, सर."

"मग?"

गोकुळ ओशाळला. त्या वेळी ते दोघं वेलीकडे बघत होते. हाताकडे कुणी बघितलं नाही. ज्याने लहानपणापासून आईचा हात बघितला होता त्यानेही नाही, आणि जो दरवर्षी करंगळी वर करून वर्गाला शिकवत होता त्यानेही नाही.

"गोड लागतो म्हणतोस, तर करांद्यातही कमी कडू जाती असतात," सर म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता, कारण ते जिंकले होते. "आईला सांग, नव्या जागीही मिळेल. मला खड्डे दोनच उरलेत."

त्या दोन खड्ड्यांत घोटवेलीची एक जात आणि रानद्राक्षाची एक वेल गेली. पुढे दोन्ही मेल्या.

पौषात गोकुळ आईला आणायला गेला. परत आल्यावर त्याने सहज सांगितलं की आईने शेवटचा कंद खणला, आणि डोकं हातात घेऊन बराच वेळ बसून राहिली. नेऊ का, असं विचारत होती. "म्या म्हनलं, आये, सरांनी भितीवर दावलं मला, ह्यो करांदाच हाय, तिकडं ढिगानं मिळंल. गाडीत भांडी मावंनात. मंग तिनं ठेवलं परत खड्ड्यात. माती लोटली, वर दगड ठेवला. पानी येनार ठाव आसून बी."

"वा," सर म्हणाले. "किती सुंदर पद्धत आहे." त्यांनी ती वहीत टिपून घेतली. पुढे ती त्यांच्या लेखात आली, 'कंदाचे डोके परत पुरण्याची प्रथा', खाली कडू करांद्याचं शास्त्रीय नाव. लेख छापून आला तेव्हा सरांनी प्रयोगशाळेत पेढे वाटले. पहिला पेढा गोकुळला दिला.

पावसाळ्यात पाणी आलं आणि वाडी गेली.

गोकुळच्या घराला घोडेगावच्या पुढे, पाटाच्या कडेला जागा मिळाली. सपाट, काळी, उन्हाची. सोनीबाई तिथे राहू लागली. गोकुळचं लग्न झालं, रत्ना घरात आली. सासूकडे तिला दाखवायला कपार नव्हती. गोकुळ मात्र आईला विसरला नाही. दर हिवाळ्यात तो भीमाशंकरच्या बाजूच्या पाहुण्यांकडून पिशवीभर करांदे आणी. रत्ना ते चिरून राखेच्या पाण्यात उकडे, पाणी टाकून पुन्हा उकडे, मग ताटात वाढे. सोनीबाई एक फोड तोंडात घाले आणि थांबे.

"कडू हाय गं."

"तीनदा पानी टाकलंय, आत्याबाई."

"हां. आसंल. माजीच जीब गेली."

हे गोकुळ सोमवारी प्रयोगशाळेत येऊन सांगे, सुरुवातीला हसत, नंतर वैतागून. म्हातारीला गोडाचं गोड लागत नाही. तीच वस्तू पुढे ठेवली तरी नावं ठेवते. रत्नावर संशय घेते. एकदा तर त्याने आईला सरळ सुनावलं होतं, की तुझं डोकं फिरलंय, सरांना जास्त कळतं का तुला? त्यानंतर ती काही बोलत नसे. पुढ्यात येईल ती फोड मुकाट्याने गिळे.

"वयाचा परिणाम," सर म्हणाले. "जिभेवरच्या रुचिकलिका कमी होतात. गोड कळेनासं होतं, कडू तेवढं राहतं. रागावू नकोस तिच्यावर." गोकुळने हे घरी जाऊन आईला सांगितलं. आईने ऐकून घेतलं. सरांनी सांगितलंय म्हटल्यावर तिने त्या दिवसापासून स्वतःच्या जिभेवर विश्वास ठेवणंच सोडलं.

आणि ती स्लाइड? ती सरांची आवडती होती. कडू करांद्याचं डावं वळण इतकं स्वच्छ दुसऱ्या कुठल्या चित्रात नव्हतं. दरवर्षी जुलैत ती भिंतीवर यायची आणि सर पट्टी फिरवत म्हणायचे, "पान खोटं बोलेल, वळण बोलणार नाही." अशी अकरा वर्षं गेली.

दोन हजार चारच्या दिवाळीत गोकुळने फार आग्रह केला म्हणून सर त्याच्या घरी फराळाला गेले. सोनीबाईला त्यांनी तोवर एकदाही पाहिलं नव्हतं. ती ओसरीत सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. बारीक, वाळलेली बाई. सरांना पाहून तिने पदर सावरला.

"या सर. लई नाव आयकलंय तुमचं. आमचा गोकुळ तुमच्याबिगर पान हालवत न्हाई."

सर तिच्यासमोर चटईवर बसले. रत्नाने लाडू-चिवडा ठेवला. सोनीबाईने डाव्या हाताने सुपाचा कोपरा धरला होता, आणि त्या हाताची करंगळी अर्धीच होती.

"विळा लागला का, आजी?" सरांनी विचारलं. आपल्या गोतातलं माणूस भेटल्यासारखं त्यांना वाटलं. त्यांनी स्वतःची करंगळीही दाखवली.

"हां. लगीन झालं त्या सालची गोष्ट. भात कापताना गेली. सासूनं हळद दाबली."

सर हसले, लाडवाचा तुकडा तोंडात घातला आणि मग चावायचे थांबले. अर्धी करंगळी त्यांनी पाहिली होती. एकदा नव्हे, अकरा वर्षं, भिंतीवर, दोन हात मोठी. पण तो उजवा हात होता.

"आजी, दुसरा हात बघू."

म्हातारीने गमतीने उजवा हात पुढे केला. पाचही बोटं धड होती.

"एकच बोट गेलंय ना? आणखी कधी काही लागलं होतं?"

"येकच की. आनि किती जायाची?" ती हसली.

सरांनी पाणी मागितलं. उजव्या हाताने विळा धरणाऱ्याची उजवी करंगळी कशी कापली जाईल? हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. खोडदच्या शेतकऱ्याच्या पोराने विचारायला हवं होतं. त्यांना तिथे एक क्षणही बसवेना. पोटात दुखतंय असं काहीतरी सांगून ते उठले. गोकुळ स्टँडपर्यंत सोडायला आला.

कॉलेज दिवाळीसाठी बंद होतं. चौकीदाराकडून किल्ली घेऊन त्यांनी प्रयोगशाळा उघडली, स्लाइड काढली आणि चिमट्याने चौकट उचकटली. फिल्मच्या कडेला, चौकटीखाली झाकले जाणारे बारीक आकडे असतात. चित्र समोरून धरलं की ते सरळ वाचता आले पाहिजेत. ते उलटे होते, आरशात दिसावेत तसे. फिल्मची एक बाजू चकचकीत, एक मंद. त्यांनी ती उलटी बसवली होती, जेवणाच्या टेबलावर, स्वतःच्या हाताने.

त्यांनी तुकडा उलटा केला, पुन्हा बसवला, प्रोजेक्टर लावला. भिंतीवर सोनीबाईचा डावा हात आला, अर्ध्या करंगळीचा. आणि वेल उजवीकडे चढली.

उजवीकडे वळते म्हणजे करांदा नव्हेच. उजवीकडे वळणाऱ्या कंदवेली वेगळ्या. त्यांची वरची पानं जोडीने समोरासमोर येतात, पण खालच्या खोडावर एकाआड एकही असतात, आणि गोकुळच्या चित्रात खालचंच हातभर खोड होतं. कोनफळ म्हणावं तर त्याच्या खोडाला पंखासारख्या कडा असतात, इथे खोड गुळगुळीत. सरांनी एकेक पुस्तक काढलं. एकीचं पान जुळे तर खोड जुळेना. फूल नाही, फळ नाही, वरची फांदी नाही, कंद नाही. ओळखीचीच एखादी असेल, किंवा कुणीच कधी न नोंदवलेली असेल. हे आता कुणालाही सांगता येणार नव्हतं. सरांना रडू आलं, आणि ते थांबवायला तिथे कुणी नव्हतं.

सुट्टी संपल्यावर त्यांनी गोकुळला बसवून सगळं दाखवलं. आधी चित्र उलटं, मग सुलटं. गोकुळ भिंतीकडे बघत राहिला. या वेळी त्याने वेल बघितलीच नाही.

"आयेचा हात हाय ह्यो," तो म्हणाला. "म्या फोटू काढला. मला बी कळलं न्हाई." मग म्हणाला, "तुमी भितीवर दावलं व्हतं, सर."

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"आईला इतक्यात सांगू नकोस," सर म्हणाले. "मी शोधतो. वेल हातात घेऊनच जाऊ." गोकुळने मान डोलावली. रिकाम्या हाताने जायची सरांना लाज वाटत होती, आणि ह्या लाजेत आणखी नऊ महिने गेले.

मे महिन्यात धरणाचं पाणी खाली उतरलं तेव्हा दोघं गेले. जिथे वाडी होती तिथे भेगाळलेला गाळ होता. चार-दोन जोती, एका उखळाचा दगड. त्याच्या वरच्या अंगाला चढावर ती कपार होती, पाण्याने धुऊन पांढरी पडलेली. करवंदीचा नुसता काळा खुंट राहिला होता. गोकुळने बोट केलं. दगड तिथेच होता. सोनीबाईने ठेवलेला, परातीएवढा, चपटा. इतकी वर्षं पाण्याखाली राहूनही हललेला नव्हता. सरांनी दोन्ही हातांनी तो उचलला आणि खाली खणलं. कोपरभर खोल चिकट गाळ लागला, त्याला कुजका वास होता. दुसरं काही नव्हतं. गोकुळने दगड पुन्हा जागेवर ठेवला. का ठेवला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पावसाळ्यात सर वरच्या वाड्यांवर फिरले. ज्यांना पूर्वी एसटी मिळत नव्हती ते आता डोक्यावर इरलं घेऊन, पायाला जळवा लागल्या तरी कपारीकपारीने चढत होते. घरोघरी विचारत होते. कुणी म्हणे आमच्या म्हातारीकडं व्हती, पर ती जागा बी खाली गेली. कुणी आनंदाने वेल दाखवायला नेई, आणि सर लांबूनच ओळखत. पिळा डावीकडे. करांदा. सगळीकडे करांदाच. पावलापावलाला मिळतो, हे त्यांनीच तर सांगितलं होतं.

श्रावण संपता संपता गोकुळने निरोप दिला. "सर, आता या. आये काय फार दिसाची न्हाई."

सोनीबाई आतल्या खोलीत गोधडीवर पडून होती. रत्नाने तिला उशाला टेकवून बसवलं. सर जमिनीवर बसले. मग त्यांनी सांगितलं. चित्र उलटं बसलं होतं. ते मीच बसवलं. तुमची वेल करांदा नव्हती. ती दुसऱ्या अंगालाच चढत होती. तुम्ही सांगितलं तसंच होतं, आजी.

म्हातारी ऐकत होती.

"मंग माजी जीब?"

"चांगली होती. करांदा कडूच असतो. तुमच्या जिभेला काहीही झालं नव्हतं."

तिने मान वळवून सुनेकडे बघितलं. "रत्ना, म्या तुला लई बोलले गं मनात. तू राख कमी घालती आसं वाटायचं." रत्नाने तोंडाला पदर लावला. गोकुळ दारात उभा होता. तो चौकटीला धरून खाली बसला आणि त्याने डोकं गुडघ्यात घातलं. आईला सुनावलेलं एकेक वाक्य त्याला आठवत असणार. सरांना तर सगळीच आठवत होती, कारण ती वाक्यं मुळात त्यांची होती.

"आजी, मी फार शोधलं," सर म्हणाले. "कुठे राहिली नाही."

"न्हाई ऱ्हानार. सासू म्हनायची, डोकं जपलं तर येल जपती." तिने विचारलं, "नाव काय वं मंग तिचं? पुस्तकातलं?"

"माहीत नाही, आजी. आता कळणारही नाही."

बाहेर पाटाला पाणी सुटल्याचा आवाज येत होता. मग तिने डावा हात गोधडीतून बाहेर काढला, अर्ध्या करंगळीचा, आणि बोटं अशी वळवली जणू तळहातावर काहीतरी ठेवलेलं आहे. सरांना वाटलं तिला पाणी हवंय. ते पुढे वाकले.

"हातात व्हतं की माज्या त्या दिशी," ती म्हणाली. "एवढंसं तर व्हतं. वटीत मावलं आसतं."